मीटिंगच्या मशीन-समरीला मार्क द्यायचे कसे

प्रश्न: आमच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं, त्याचं ट्रान्स्क्रिप्ट आणि समरी दोन्ही मशीनच बनवतं. सध्या दोन टूल ट्राय करतोय पण कुठलं बरं यावर एकमत होत नाही, एकाला आवडतं ते दुसऱ्याला आवडत नाही. सगळं आलंय का, बरोबर आहे का, थोडक्यात आहे का आणि कामाचं आहे का, एवढं तपासायला एखादी साधी मार्किंगची पद्धत सांगाल का? आम्ही कोणी एक्स्पर्ट नाही, एका शीटमध्ये मावेल असं हवंय.

उत्तर:

तुम्ही चार गोष्टी बरोबर धरल्यात, तेच चार रकाने करा. प्रत्येकाला ०, १ किंवा २ एवढेच मार्क. १० पैकी मार्क द्यायच्या भानगडीत पडू नका कारण ६ आणि ७ मधला फरक काय हे देणाऱ्यालाच सांगता येत नाही, मग दोन माणसांचे मार्क कधीच जुळत नाहीत आणि वाद आहे तिथेच राहतो. २ म्हणजे जशीच्या तशी पाठवता येईल, १ म्हणजे हात फिरवावा लागेल, ० म्हणजे पाठवू नका.

पण रकान्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक टीम इथेच चुकतात. लोक आधी समरी वाचतात, ती वाचायला छान वाटते, मग ट्रान्स्क्रिप्टवर नजर टाकतात आणि समरीत जे आहे तेच तिथे शोधतात. सापडलं की खूश. जे समरीत आलंच नाही ते मग कोणाला दिसतच नाही. म्हणून समरी उघडायच्या आधी ट्रान्स्क्रिप्ट वाचून स्वतःची यादी करायची, आणि यादी झाल्यावर त्यात भर घालायची नाही. ४० मिनिटांच्या मीटिंगला यासाठी वीस-पंचवीस मिनिटं जातात, कंटाळवाणं काम आहे, पण एक यादी कितीही टूलच्या समरींना चालते त्यामुळे ते एकदाच करावं लागतं.

यादीत पक्के मुद्दे फक्त चार प्रकारचे घ्या: काय ठरलं, कोण काय कधीपर्यंत करणार, काय ठरलं नाही म्हणजे लटकलं, आणि एखादा आधीचा निर्णय बदलला असेल तर त्याचं कारण. कारण प्रत्येक वेळी लागत नाही, पण निर्णय फिरला असेल तर लागतंच, नाहीतर मीटिंगला नसलेला माणूस पुढच्या वेळी तोच विषय परत उकरून काढतो. बाकी आकडे, मतं, गप्पा सगळं 'असलं तर बरं' मध्ये. प्रत्येक मुद्द्यापुढे तो कितव्या मिनिटाला आला ते लिहून ठेवा, ते का ते पुढे सांगतो.

एक उदाहरण पूर्णच करून दाखवतो, मी शिकवायला वापरतो ते बनवलेलं ट्रान्स्क्रिप्ट आहे. पेमेंट स्क्रीनच्या नव्या रिलीजची मीटिंग, तिघं जण, कामाचे तुकडे एवढेच:

मिनिट ५, नेहा: मागच्या आठवड्यात ४० तक्रारी आल्या, बहुतेक रिफंडच्याच.
मिनिट ८, मीरा: मग १२ ला रिलीज धरूया.
मिनिट १४, नेहा: एसएमएस अलर्ट बंद करायचा का मग, ईमेल तर जातोच. समीर: आत्ता नको, रिफंडवाले तेच बघतात. मीरा: बरं, मग आत्ता बंद करायचा नाही.
मिनिट २२, समीर: जुनं व्हर्जन पण कधीतरी बंद करावं लागेल. मीरा: हो, ते पुढच्या मीटिंगला घेऊ.
मिनिट ३१, समीर: जुन्या फोनवर रिफंडची टेस्टिंग झालेलीच नाहीये, १२ ला नाही जमणार, मी १६ पर्यंत संपवतो. मीरा: हो, ते व्हायलाच पाहिजे. मग १९ धरू.
मिनिट ३४, नेहा: सपोर्टसाठीच्या नोट्स मी १७ च्या आत देते.

यातून पक्के मुद्दे सहा निघतात. रिलीज १९ ला. ती पुढे गेली कारण जुन्या फोनवर रिफंडची टेस्टिंग बाकी. समीर टेस्टिंग १६ पर्यंत संपवणार. एसएमएस अलर्ट चालूच राहणार. नेहा नोट्स १७ च्या आत देणार. जुन्या व्हर्जनचं काही ठरलं नाही, पुढच्या मीटिंगला. ४० तक्रारी हा 'असलं तर बरं' वाला मुद्दा.

आता पहिल्या टूलची समरी, धरून चाला की अशी आली:

"टीमने पेमेंट स्क्रीनच्या रिलीजबाबत सविस्तर चर्चा केली. रिलीज आधी १२ तारखेला ठरली होती, ती आता १९ तारखेला होईल. रिफंडची टेस्टिंग समीर आणि मीरा १६ तारखेपर्यंत पूर्ण करतील. एसएमएस अलर्ट बंद करण्यावर सहमती झाली. नेहा सपोर्ट टीमसाठी नोट्स तयार करेल. जुनं व्हर्जन लवकरच बंद केलं जाईल. मीटिंग सकारात्मक वातावरणात संपली."

वाचायला एकदम व्यवस्थित, मीटिंगला नसलेल्या कोणालाही यात खोट दिसणार नाही. आता एकेक रकाना.

सगळं आलंय का. यादीतल्या प्रत्येक पक्क्या मुद्द्यापुढे आला किंवा नाही एवढीच खूण. इथे नवीन माणूस अडतो: एसएमएसचा विषय समरीत आलाय पण उलटा आलाय, मग तो आला धरायचा की नाही? माझं मत, आला धरा. उलटं लिहिल्याची शिक्षा पुढच्या रकान्यात होणारच आहे, इथेही मार्क कापले तर दोन्ही रकाने नेहमी एकत्रच वरखाली होतात आणि टूल विसरतंय की खोटं सांगतंय ते कळत नाही, आणि हे दोन रोग वेगळे आहेत, उपायही वेगळे. सगळे पक्के मुद्दे आले तर २, यादीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत सुटले तर १, त्यापेक्षा जास्त सुटले तर ०. इथे सहापैकी पाच आले, रिलीज पुढे का गेली ते कारण सुटलं. मार्क १. तक्रारींचा आकडा आला नाही त्याचे मार्क कापत नाही, दोन टूल बरोबरीत आले तरच 'असलं तर बरं' कडे बघायचं.

बरोबर आहे का. इथे दिशा उलटी करायची. आधीच्या रकान्यात यादीकडून समरीकडे गेलात, आता समरीचं एकेक वाक्य उचलून ट्रान्स्क्रिप्टमध्ये त्याला आधार शोधायचा. एका वाक्यात दोन दावे असतील तर ते वाक्य तोडा. "समीर आणि मीरा १६ तारखेपर्यंत" यात समीर करणार हा एक दावा, मीरा करणार हा दुसरा, १६ हा तिसरा. समीर बरोबर, १६ बरोबर, मीराने फक्त "ते व्हायलाच पाहिजे" म्हटलं, काम घेतलं नाही. हे असं फार वेळा होतं, होकार भरणाऱ्याच्या गळ्यात मशीन काम बांधून मोकळं होतं.

चुकांचे दोनच दर्जे ठेवा, मोठी आणि किरकोळ, आणि ठरवायची कसोटी एकच की या वाक्यावर विसंबून कोणी काम केलं तर चुकीचं काम होईल का. एसएमएसचं वाक्य धरून कोणीतरी अलर्ट बंद करून टाकेल, म्हणजे मोठी. जुनं व्हर्जन "लवकरच बंद केलं जाईल" हे वाचून सपोर्टवाले ग्राहकांना सांगायला लागतील, तीही मोठी, जरी शब्द बहुतेक मीटिंगमधलेच असले तरी. मीराचं नाव घुसलं तेही मोठ्यातच धरतो मी, कारण दोघांच्या नावावरचं काम दोघंही दुसरा करेल म्हणून सोडून देतात. "सकारात्मक वातावरण" हे ट्रान्स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही, पण त्याने कोणाचं नुकसान नाही, किरकोळ. एकही चूक नाही तर २, फक्त किरकोळ असतील तर १, एक जरी मोठी असली तरी ०. इथे तीन मोठ्या आहेत, मार्क ०.

मोठ्या चुका कुठे शोधायच्या हे एकदा कळलं की हात वेगाने चालतो. तारखा आणि आकडे, कोणाच्या नावावर काय, 'नाही' आणि 'नको' असलेली वाक्यं, आणि "बघू", "घेऊ", "व्हायला पाहिजे" असल्या अर्धवट बोलण्याचं पक्क्या निर्णयात झालेलं रूपांतर. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो कारण तिथे शब्द खोटा नसतो, ठामपणा खोटा असतो. अजून एक, मीटिंगच्या सुरुवातीला ठरलेली गोष्ट शेवटाकडे फिरली असेल तर तिथे मुद्दाम बघा, बरीच टूल पहिलीच तारीख पकडून बसतात. या समरीत ते नीट जमलंय, ते मान्य करायला हवं.

थोडक्यात आहे का. शब्द मोजू नका. मीटिंग लांबली म्हणून समरी लांबावी असं काही नसतं, दोन तासात एकच गोष्ट ठरली तर समरी तीन ओळींचीच हवी. त्यापेक्षा प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा, हे काढून टाकलं तर कोणाचं काही अडेल का? अडत नसेल तर ते वाक्य भरताड. एखादं चालतं, म्हणजे शून्य किंवा एक भरताड वाक्य असेल तर २, एकापेक्षा जास्त पण एकूण वाक्यांच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत १, त्याच्यावर ०. एकच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर दुसरं वाक्य भरताडात टाका. इथे पहिलं आणि शेवटचं, सातपैकी दोन, म्हणून १. समरी फारच त्रोटक झाली तर इथे मार्क कापू नका, मुद्दे सुटल्याची शिक्षा पहिल्या रकान्यात झालेली असते. आणि चुकीचं वाक्य हे भरताड नाही, तेही लक्षात ठेवा.

कामाचं आहे का. हा रकाना तुम्ही भरायचाच नाही. तुम्ही ट्रान्स्क्रिप्ट वाचलंय, त्यामुळे समरीत जे नाही ते तुमचं डोकं आपोआप भरून घेतं आणि सगळं स्पष्ट वाटतं. मीटिंगला नसलेल्या एका माणसाला फक्त समरी द्या आणि तीन प्रश्न विचारा: काय ठरलं, कोणी काय कधीपर्यंत करायचंय, काय अजून ठरायचंय. त्याला ट्रान्स्क्रिप्ट न उघडता आणि कोणाला फोन न करता तिन्हीची उत्तरं देता आली तर २, एखाद्या ठिकाणी "हे विचारावं लागेल" असं म्हणाला तर १, दोन किंवा जास्त ठिकाणी अडला तर ०. या समरीवरून तो म्हणेल, नेहा नोट्स देणार पण कधी? १७ तारीख गळलीय. मार्क १.

इथे एक गंमत होते. तो माणूस एसएमएसबद्दल ठामपणे चुकीचं उत्तर देईल आणि त्याला काहीच अडल्यासारखं वाटणार नाही. म्हणूनच कामाचेपणा एकटा बघून चालत नाही, चुकीची समरीसुद्धा वापरायला फार सोयीची असू शकते.

तर पहिल्या टूलचे मार्क झाले १-०-१-१. आता दुसऱ्याची समरी बघा: "रिलीज १२ ऐवजी १९ ला, जुन्या फोनवर रिफंडची टेस्टिंग बाकी असल्याने. टेस्टिंग: समीर, १६ पर्यंत. एसएमएस अलर्ट सध्या चालू राहील. जुन्या व्हर्जनचा विषय पुढच्या मीटिंगला." कोरडी आहे, चारच वाक्यं, आणि नेहाचं काम पूर्ण गाळलंय. १-२-२-२. तुमच्या टीममध्ये पहिली समरी आवडणारे लोक निघतील, कारण ती गुळगुळीत आणि भरल्यासारखी वाटते. त्यांच्यासमोर हे आकडे ठेवा, वाद लवकर मिटतो. भाषा छान आहे का याचा पाचवा रकाना मी मुद्दाम देत नाही, आजकालच्या टूलची भाषा बहुतेक ठीकच असते आणि तो रकाना असला की लोकांचे बाकीचे मार्कही तिकडेच झुकतात.

चार आकड्यांची बेरीज करू नका. मनातल्या मनात सुद्धा नको. एखादी समरी २-०-२-२ आली तर बेरीज ८ पैकी ६, ऐकायला उत्तम, आणि तिच्यात निर्णय उलटा लिहिलेला असू शकतो. दुसरा रकाना ० असेल तर समरी नापास, बाकीचे तीन बघायचे ते फक्त टूल कुठे सुधारायचं हे कळायला. टूलची तुलना करतानाही सरासरी काढू नका, २० समरींपैकी किती नापास झाल्या ते मोजा, आणि पास झालेल्यांमध्ये बाकीचे रकाने बघा.

कोणीतरी सुचवेल की हे हाताने कशाला, रूज सारखं आपोआप मोजणारं माप वापरूया. २००४ पासून ते वापरात आहे, माणसाने लिहिलेल्या नमुना समरीशी मशीनच्या समरीचे शब्द आणि शब्दांच्या जोड्या किती जुळतात ते मोजतं. तुमच्या कामाला ते उपयोगाचं नाही. "एसएमएस अलर्ट आत्ता बंद करायचा नाही" आणि "एसएमएस अलर्ट आत्ता बंद करायचा" यात एका शब्दाचा फरक, रूजच्या दृष्टीने जवळपास सारखीच वाक्यं. दुसऱ्या एआय मॉडेलकडून मार्क देऊन घेणं हा पर्याय त्यापेक्षा बरा आहे, पण मॉडेल लांब मजकुराला झुकतं माप देतात हे दिसून आलेलं आहे, म्हणून निदान सुरुवातीला माणसांनी दिलेले मार्क हाताशी असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता ट्रान्स्क्रिप्टच चुकलं असेल तर? हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार. एकोणीसचं एकोणतीस ऐकलं जातं, दोन माणसं एकदम बोलली की वाक्याच्या शेवटचा 'नाही' कापला जातो, आणि आवाज सारखे असले की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर पडतं. माझा नियम असा की समरीला मार्क ट्रान्स्क्रिप्टच्या आधारे द्यायचे, कारण समरी बनवणाऱ्याच्या हातात तेवढंच होतं, पण शीटमध्ये शेजारी एक खूण ठेवायची 'मूळच चुकलं' म्हणून. पूर्ण रेकॉर्डिंग परत ऐकायची गरज नाही. यादीतल्या पक्क्या मुद्द्यांची मिनिटं लिहिली आहेत ना, तेवढे तुकडे ऐका, सहा मुद्द्यांना पाच-सात मिनिटांत होतं. या खुणा फार झाल्या तर समरीचं टूल बदलून काही होणार नाही, आधी माईक आणि ट्रान्स्क्रिप्टचं टूल बघा.

मिनिटांचा दुसरा उपयोग म्हणजे सुटलेले मुद्दे कुठले हे दिसतं. मीटिंगचे तीन भाग करा आणि सुटलेले मुद्दे कुठल्या भागातले ते मोजा. लांब मजकुरात सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलला नीट सापडतं आणि मधलं निसटतं, हा बऱ्याच मॉडेलचा माहीत असलेला दोष आहे. तुमचेही मधलेच मुद्दे जास्त सुटत असतील तर लांब ट्रान्स्क्रिप्ट तुकड्या-तुकड्याने देऊन बघा, पण मग आधीच्या तुकड्यात ठरलेली तारीख नंतरच्या तुकड्यात फिरली हे निसटायची शक्यता वाढते, म्हणून तुकडे जोडल्यावर दुसरा रकाना जास्त कडक तपासा.

दोन माणसांचे मार्क जुळतात का ते सुरुवातीलाच बघून घ्या. दहा समरी दोघांनी वेगवेगळ्या बसून तपासा, एकमेकांचं न बघता, आणि कुठल्या टूलची कुठली समरी हे झाकून. एका मार्काचा फरक चालतो, पण एकाने ० आणि दुसऱ्याने २ दिले असतील तिथे थांबा, आणि दुसऱ्या रकान्यात एकाचा ० आणि दुसऱ्याचा १ असेल तिथेही. सरासरी काढून १ लिहून टाकायचा मोह होतो, तो टाळा, त्या जागी तुमचा नियमच धूसर आहे. बहुतेक वेळा भांडण 'मोठी की किरकोळ' यावरच असतं, किंवा "मी बघतो" म्हणजे काम घेतलं की नुसतं बोलला यावर. या "मी बघतो" चं उत्तर प्रत्येक टीमचं वेगळं असतं, तुमच्याकडे "मी बघतो" म्हणणारा माणूस खरंच करत असेल तर ते काम धरा, नसेल तर लटकलेल्यात टाका, पण एकदा ठरवून शीटच्या वर लिहून ठेवा आणि आधीचे दहा त्या नियमाने परत तपासा.

हे सगळं निर्णय होणाऱ्या मीटिंगसाठी आहे. नुसत्या कल्पना मांडायच्या मीटिंगला पक्के मुद्दे एक-दोनच निघतात आणि पहिल्या रकान्याला अर्थ उरत नाही, तिथे कोणाची कल्पना कुठली आणि कशावर आक्षेप आला अशी वेगळी यादी लागते. मुलाखतीला किंवा ग्राहकाशी झालेल्या बोलण्याला तर ही शीट लावूच नका, तिथे माणूस नेमकं कुठल्या शब्दांत बोलला हेच बऱ्याचदा हवं असतं आणि समरी तेच आधी पुसून टाकते.